सही झाली म्हणजे कोरम झाला?

“सभेच्या सुरुवातीला हजेरीवर सह्या झाल्या की कोरम पूर्ण. मग मध्येच कोणी उठून गेलं तरी फरक पडत नाही, उरलेले सगळे विषय मंजूर करता येतात. आणि असले सभात्याग मिनिट्समध्ये लिहायची गरज नसते, उगाच वाद वाढतात.”

हा मेसेज दरवर्षी वार्षिक सभांच्या हंगामात फिरतो, आणि त्याच्या भरवशावर कच्चे ठराव होतात. बरीच वर्षं मी सोसायटीचं सचिवपद सांभाळलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सही सांगते ती माणूस आला एवढंच. गणपूर्ती मोजायची असते ती ठराव होताना खोलीत किती सभासद आहेत यावर. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांच्या नियमांत हे स्पष्ट आहे: सभा चालू असताना हजर सभासद गणपूर्तीपेक्षा कमी झाले, तर अध्यक्षांनी स्वतःहून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यावर सभा तहकूब करायची. विधिमंडळालाही यातून सूट नाही. संविधानाच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे गणपूर्ती नसेल तर सभागृह तहकूब किंवा स्थगित करणं हे पीठासीन व्यक्तीचं कर्तव्यच आहे.

आता आकडा बघा. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यांतली कमी असेल ती संख्या लागते. आमच्यासारख्या २४ सभासदांच्या सोसायटीत ती १६ होते. एका वर्षी बरोबर १६ जण आले. विषय क्र. ४ पर्यंत सगळं सुरळीत झालं. पाचव्याला, म्हणजे बाहेरच्या रंगकामाच्या वर्गणीवर, एक सभासद चिडून निघून गेले. उरले १५. हजेरीवर सह्या मात्र १६, म्हणून दोघंतिघं म्हणाले, “चालू द्या.” चालू दिलं असतं तर पुढे वर्गणी थकवणाऱ्या कोणालाही तो ठराव उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात ओढता आला असता.

याच्या उलट टोकाचं बोलणारेही असतात, “सभाच रद्द झाली.” तसं होत नाही. पहिले चार ठराव १६ जण हजर असताना झाले, ते तसेच राहतात. पाचव्यावर चर्चा झाली पण मत झालं नव्हतं, म्हणून तो शिल्लक. त्यानंतर अध्यक्षांना करण्यासारखं थोडंच उरतं: थोडा वेळ वाट पाहणं, पुन्हा मोजणं आणि सभा तहकूब करून पुढची तारीख, वेळ, जागा सांगणं. गेलेले गृहस्थ परत आले, तर ती वेळ लिहून कामकाज पुढे सुरू करता येतं. मात्र खुर्चीत बसून नुसतं मत न देणारा सभासद हजरच धरला जातो. त्याने कोरम मोडत नाही.

नोंदीचं म्हणाल, तर वाद वाढतो तो न लिहिल्याने. इतिवृत्तात काहीच नसेल तर कोरम शेवटपर्यंत होता असंच वाचलं जातं, आणि तो नव्हता हे दाखवण्याचं ओझं गेलेल्या माणसावर पडतं. त्या रात्री आम्ही एवढंच लिहिलं:

“रा. ८.४० वा. विषय क्र. ५ वर चर्चा चालू असताना सदनिका क्र. १२ चे सभासद विरोध सांगून सभेतून गेले. मतदान झाले नव्हते. मोजणी केली असता हजर १५, आवश्यक १६. रा. ८.५० वा. पुन्हा मोजणी, हजर १५. अध्यक्षांनी सभा तहकूब केली. विषय क्र. ५ ते ८ शिल्लक.”

यात “गोंधळ घालून” किंवा “उद्धटपणे” असे शब्द नकोत. हजेरीवरची त्यांची सही खोडायची नाही, तिच्यासमोर जाण्याची वेळ लिहायची.

मेसेजमध्ये एक गोष्ट मुळीच नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात कोरम झाला नाही, म्हणून नोटिशीत लिहिल्याप्रमाणे त्याच दिवशी उशिरा घेतलेली सभा असेल, तर तिला कोरमची अट नाही. तिथून एक गेला काय नि पाच गेले काय, मूळ विषयपत्रिकेवरचं कामकाज चालू राहतं. तेव्हा कोणी उठून गेलं की आधी बघा, आपण मूळ सभेत बसलोय की तहकूब सभेत. इतिवृत्ताच्या पहिल्याच ओळीत ते आलेलं असावं.

ही सवलत सुरुवातीलाच कोरम न झालेल्या सभेसाठी लिहिलेली आहे. मध्येच मोडलेल्या सभेला ती ताणून लावू नका. आम्ही पुढच्या सभेला पुन्हा १६ डोकी मोजूनच विषय क्र. ५ घेतला. कोणीतरी लिफ्टचा विषयही घ्या म्हणालं, तो घेतला नाही. तहकूब सभेत शिल्लक राहिलेलेच विषय येतात, लिफ्टसाठी वेगळी नोटीस काढावी लागली.