कोपरखैरणेच्या क्लासकडून: पीटीएमच्या वेळेबद्दल

★★ "आधी वेळ बुक करायला लावली आणि तरी पाऊण तास पॅसेजमध्ये ताटकळत ठेवलं. आमची वेळ ११.२० ची, आत बोलावलं १२.०५ ला. वर आठ मिनिटांत बाहेर. मग बुकिंगचं नाटक कशाला? बरं, साडेनऊची वेळ मागितली होती, तीही दिली नाही."

नमस्कार मॅडम,

तुम्हाला उभं राहावं लागलं याबद्दल मनापासून माफ करा. पॅसेजमध्ये खुर्च्या तीनच आहेत आणि त्या वेळी तिन्ही भरलेल्या होत्या, हे खरं आहे.

पण पाऊण तासाचं मला बोलावंच लागेल, कारण हे वाचून उद्या कोणी ॲडमिशनला येणार नाही. दाराशी रजिस्टर ठेवलंय, त्यात येणाऱ्याने स्वतः वेळ लिहून सही करायची असते. तुमच्या सहीपुढे तुमच्याच अक्षरात ११.४५ लिहिलंय. ट्रान्सहार्बर रखडली असं तुम्ही म्हणालात, मी लगेच मानलं. आम्हीही त्याच गाडीने फिरतो. पण ११.४५ ते १२.०५ ही वीस मिनिटं होतात.

त्या वीस मिनिटांत काय झालं तेही सांगतो. तुम्ही आलात तेव्हा ११.४० वाले आत होते आणि ११.५० वाले वेळेवर येऊन बसले होते. त्यांना मागे सारून तुम्हाला घेणं मला जमलं नसतं. ते आत गेले आणि त्यांचं बोलणं पाच मिनिटं लांबलं. तिथे मी घंटी वाजवायला हवी होती, ती चूक माझी. त्यानंतर मात्र १२.०० वाल्यांना हात जोडून थांबवलं आणि तुम्हाला घेतलं. ते १२.१५ ला आत गेले. तिथून पुढच्या सगळ्यांना पंधरा मिनिटं उशीर झाला आणि १२.५० वाले आजोबा एक वाजून पाच मिनिटांनी आत आले. त्यांनी मात्र रिव्ह्यू लिहिला नाही.

आठ मिनिटं सगळ्यांनाच होती. वेळ दहा मिनिटांची, त्यातली आठ बोलायला आणि दोन मला वहीत नोंद करून पुढच्या मुलाचे पेपर काढायला. ती दोन मिनिटं सोडली तर तिसऱ्या पालकापर्यंत मी एकाचा पेपर दुसऱ्याला दाखवत असतो. मुलाबद्दल जे बोललो ते इथे लिहिणार नाही, पण अजून बोलायचं असेल तर कुठल्याही दिवशी साडेआठनंतर फोन करा, हे त्या दिवशीही म्हणालो होतो.

साडेनऊची वेळ तुमच्या आधी दुसऱ्या घराने घेतली होती. मागच्या वर्षी गूगल फॉर्म ठेवला होता. त्यात भरलेली वेळ यादीतून आपोआप जात नाही, म्हणून दोन घरांनी एकच साडेदहा निवडली आणि दोघंही बरोबर होते. त्यामुळे यंदा व्हॉट्सॲपवर ज्याचा मेसेज आधी त्याची वेळ, आणि मी स्वतः हाताने तक्ता भरतो. तुमचा मेसेज रात्री आला, तोवर सकाळच्या पहिल्या वेळा संपल्या होत्या.

त्याच्याही आधी "१० ते १ कधीही या" असं होतं. साडेदहालाच सगळे यायचे आणि शेजारच्या दातांच्या दवाखान्यातल्या पेशंटना वाट काढत जावं लागायचं. सोसायटीने नोटीस दिली ती आजही ड्रॉवरमध्ये आहे. बुकिंग त्यातून आलं, नाटक म्हणून नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो, थोडी जड जातेय. त्या दिवशी ९.४० चं बोलणं सात मिनिटं लांबलं होतं आणि ती सात मिनिटं प्रत्येक पालकाच्या डोक्यावर सरकत सरकत ११.१० पर्यंत आली होती, कारण ३४ मुलांसाठी मी सलग ३४ वेळा लावल्या होत्या, सकाळी २४ आणि संध्याकाळी १०. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. ११.१० वाले ११.२७ ला बाहेर पडले. तुमची वेळ रिकामी गेली म्हणूनच ११.३० वाले बरोबर साडेअकराला आत गेले. तुम्ही वेळेवर आला असतात तर तुम्हालाही सात मिनिटं थांबावं लागलं असतं, आणि तेव्हा दोष पूर्ण माझा असता.

म्हणून पुढच्या वेळी तासाला पाचच पालक, सहावी वेळ मोकळी. सकाळी वीस, संध्याकाळी चार ते सात पंधरा, म्हणजे ३४ मुलं बसतात. सायन्सच्या मॅडमना पनवेलला जायचं असतं, त्यांच्याशी अजून बोलायचंय, बघतो कसं जमतं ते. उशिरा येणाऱ्याला पहिल्या मोकळ्या वेळेत घेऊ, दुसऱ्याची वेळ कापून नाही. खुर्च्या वाढवता येणार नाहीत, पॅसेज आमचा नाही.

रजिस्टरचं ते पान बघायचं असेल तर क्लासवर या, चहा घेऊ. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही, फक्त तो पाऊण तासाचा आकडा तेवढा बघा.

— क्लासचे सर