पॉलिप कापल्यानं कॅन्सर 'जागा' होत नाही, काकू

"कॅन्सरचा जीन सगळ्यांच्याच शरीरात झोपलेला असतो. डॉक्टर सुई टोचतात, गाठ कापतात तेव्हा तो जागा होतो. घराण्यात कुणाला नसेल तर काहीच करू नका. २१ दिवस उपाशीपोटी गव्हांकुराचा रस घ्या, जीन परत झोपतो. पुढे पाठवा."

शिवाजी पेठेतल्या काकूनं शनिवारी हे फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि सोमवारी काकांची अपॉइंटमेंट परस्पर कॅन्सल केली. काकांना शौचातून रक्त जात होतं, कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्यात दीड सेंटीमीटरचा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, दिसला, तो काढायचा होता. मी फोन केला तर म्हणते, "झोपलेल्याला कशाला उठवायचं रे?" म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डना मी उत्तर देत बसत नाही.

आधी त्यातलं अर्धं खरं मान्य करतो. ज्याला कॅन्सरचा जीन म्हणतात तसला जीन सगळ्यांच्यात असतो, बरोबर. पण तो झोपलेला नसतो, कामावर असतो. के-रास हा जीन घ्या. पेशीला बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की त्या जीनवरून बनलेलं प्रोटीन चालू होतं, निरोप आत पोचवतं आणि स्वतःच बंद होतं. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, ते असल्याच निरोपांवर. भानगड कधी होते? या जीनच्या बाराव्या जागी जीजीटी अशी डीएनएची तीन अक्षरं असतात, त्यातलं मधलं अक्षर पेशी विभागताना चुकून बदललं आणि जीएटी झालं की त्या प्रोटीनला बंदच होता येत नाही. शेतातल्या मोटरचा स्टार्टर चिकटल्यावर कसं होतं, तुम्ही बटन दाबा नाहीतर बोंबला, पाणी चालूच. आता हा झाला ऑन्कोजीन. दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी पुरते.

दुसरी जात उलटी. एपीसी हा जीन ट्यूमर सप्रेसर, म्हणजे वाढ रोखणारा. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याला बरग्यांच्या दोन रांगा असतात ना, तसं. आईकडून एक प्रत, बापाकडून एक. एक रांग गेली तरी दुसरी पाणी अडवते, दोन्ही गेल्या की मग वाढीचा निरोप नसतानाही पेशी वाढत राहते आणि झडून जायची ती तिथंच साठते. काकांचा पॉलिप बहुतेक असाच सुरू झालेला असणार.

आणि इथंच काकूच्या मुद्द्याचा बाजार उठतो. १९८८ मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन आणि मंडळींनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आतड्याच्या गाठींचे १७२ नमुने तपासून लिहिलं. एक सेंटीमीटरपेक्षा लहान पॉलिपमध्ये रास बिघडलेला फक्त ९ टक्क्यांत सापडला, मोठ्यांत ५८ टक्क्यांत. आणि १७व्या क्रोमोसोमचा एक तुकडा कॅन्सर झालेल्या गाठींपैकी ७५ टक्क्यांत गायब, पॉलिपमध्ये मात्र क्वचित. त्याच तुकड्यावर पी-५३ आहे, म्हणजे डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवणारा किंवा मारणारा आणखी एक सप्रेसर. म्हणजे आधी बरगे जातात, मग स्टार्टर चिकटतो, मग शेवटचा राखणदार जातो, आणि या सगळ्याला वर्षानुवर्षं लागतात. काकांचा पॉलिप दीड सेंटीमीटरचा, म्हणजे मधल्या टप्प्यावर असण्याची शक्यता बरीच. तारेच्या फासानं तो काढला की पुढची चूक व्हायला त्या पेशीच उरत नाहीत. ठेवला तर त्या रोज विभागतात, आणि चूक होते ती विभागताना, सुईनं नाही. (डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा असेल तर सुई घालत नाहीत, पेशी बाहेर पसरतील म्हणून. ते खरं. पण तिथं कॅन्सर आधीच झालेला असतो, सुई तो तयार करत नाही.)

घराण्याचं म्हणाल तर, आतड्याचे बहुतेक कॅन्सर घराण्यात कुणाला नसतानाच होतात, कारण दोन्ही प्रती याच जन्मात बिघडतात. काही घरांत मूल एपीसीची एक प्रत बिघडलेलीच घेऊन येतं, त्यांना तरुणपणीच शेकड्यांनी पॉलिप होतात, त्यांचा हिशोब वेगळा. गव्हांकुराच्या रसावर काय बोलू? बदललेलं अक्षर रस पिऊन जागेवर येत नाही.

काकूला हे सगळं फोनवर सांगितलं, स्टार्टरपर्यंत ऐकलं, बंधाऱ्याला "तुझं आपलं कायतरीच" म्हणाली. पण नवी तारीख घेतली. परवा पॉलिप निघाला. रिपोर्टात अ‍ॅडेनोमा, कॅन्सर नाही, कड मोकळी. तीन वर्षांनी परत दुर्बीण घालायची आहे, ती तारीख मी माझ्याच फोनमध्ये टाकून ठेवलीय, काकूच्या नाही.