कर्ज की भागभांडवल: एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुम्ही कारखानदारांना उगाच कर्जाची भीती घालता. व्याजावर कर वाचतो, आणि शेअर विकले की मालकी कायमची जाते. चांगला नफा असलेली कंपनी बुडण्याची शक्यता शेकडा दोनसुद्धा नसते. त्या दोनसाठी हातचा फायदा का सोडायचा?»

मालकीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. शेअर विकणं महाग पडतं, आणि वाढत्या कंपनीला ते जास्तच महाग पडतं, कारण पुढच्या वाढीची खरी कल्पना मालकाला असते, गुंतवणूकदाराला नसते. तो संशयानेच भाव पाडून मागतो. मूळ लेखात मी हे दोन ओळींत उरकलं होतं, तिथे जास्त लिहायला हवं होतं. पण कंपनी अडचणीत येण्याचा खर्च तुम्ही दिवाळखोरीपासून मोजता, तिथे माझा ठाम मतभेद आहे. तो खर्च खूप आधी सुरू होतो.

एक कारखाना घेऊ. वर्षाची विक्री १००. कच्चा माल आणि विक्रीबरोबर वाढणारा इतर खर्च ६०, पगार-भाडं असा स्थिर खर्च १८. हातात उरले २२. नव्या यंत्रांचा घसारा १२, म्हणजे व्याजाआधीचा नफा १०. विस्तारासाठी ५० कर्ज काढलं, व्याज १० टक्के, मुद्दल पाच वर्षांत समान हप्त्यांनी. पहिल्या वर्षी व्याज ५ आणि मुद्दल १०, मिळून १५ भरायचे. कराचा दर २५ टक्के धरला तर व्याजामुळे १.२५ कर वाचतो. घसारा रोख जात नाही, म्हणून हातातल्या २२ मधून कर आणि हप्ता भरूनही पावणेसहा उरतात. इथवर तुमचा हिशोब बरोबर आहे.

आता विक्री १५ टक्क्यांनी पडू द्या. हे काही संकट नव्हे, विक्रीचा तीस टक्के माल घेणारा एक ग्राहक सहा महिने थांबला तरी एवढं होतं. विक्री ८५, बदलता खर्च ५१, स्थिर खर्च तोच १८. उरले १६. घसारा वजा केल्यावर ४, आणि व्याज ५. करपात्र नफाच नाही, त्यामुळे करबचत १.२५ वरून १ वर येते, बाकीची पुढच्या वर्षांवर ढकलली जाते. वाढत्या कारखान्याचा घसारा मोठा असतो, तोच बराचसा कर वाचवतो. व्याजाला वाचवायला फारसं उरत नाही. १६ मधून १५ चा हप्ता गेला की हातात १.

कंपनी बुडालेली नाही, हप्ताही चुकलेला नाही. पण बँकेच्या करारात हप्त्याच्या किमान १.२ पट रोकड हवी असं कलम असेल, तर इथे ती जेमतेम १.०७ पट भरते. बँक खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवायला नकार देते, आणि ही बातमी पुरवठादारांपर्यंत पोहोचतेच. अशा एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी बसलो होतो. पत्र नाही, भांडण नाही. नेहमीच्या पुरवठादाराचा फोन आला: «पुढची गाडी साठऐवजी तीस दिवसांच्या उधारीवर.» आपल्या उदाहरणात वर्षाचा कच्चा माल ४२ धरला तर एका महिन्याची उधारी म्हणजे साडेतीन. हातात आहे १. विक्री पडली की मालसाठ्यातून रोकड सुटते हे खरं, पण नंतर. आधी तयार माल गोदामात साचतो.

माल उशिरा आला की ऑर्डर उशिरा जाते. वर्षाला १० चा माल घेणारा एक ग्राहक सुटला, तर बदलता खर्च वजा जाता दरवर्षी ४ गेले.

हाच विस्तार २५ कर्ज आणि २५ भागभांडवलावर केला असता तर? चांगल्या वर्षात करबचत साधारण ०.६ ने कमी. मंदीच्या वर्षात मात्र हप्ता साडेसात, कर जेमतेम ०.४, आणि हातात ८. यातला मोठा भाग मुद्दल भरावं न लागल्याचा आहे, तो नफा नव्हे. पण पुरवठादाराचा फोन येतो त्या दिवशी प्रश्न रोकडीचाच असतो. पाच वर्षांत जास्तीच्या कर्जाने वाचवलेला कर ३ च्या आसपास, तोही पहिल्या वर्षाचं व्याज शेवटपर्यंत धरून. एक ग्राहक तो वर्षभरात खाऊन टाकतो.

यात वाढीचा आणखी एक पदर आहे. अर्थशास्त्रज्ञ स्ट्युअर्ट मायर्स यांनी १९७७ मध्ये दाखवलं की कर्जाच्या ओझ्याखाली मालक चांगला प्रकल्पही सोडून देतो, कारण त्याच्या फळातला वाटा आधी सावकाराकडे जातो. स्थिरावलेल्या कारखान्याकडे सोडण्यासारखं फारसं नसतं. वाढत्या कारखान्याचं बरंचसं मोल मात्र अजून न उभारलेल्या यंत्रांतच असतं.

म्हणून कर्ज नकोच असं मी म्हणत नाही. यंत्र सर्वसाधारण असेल, बाजारात सहज विकलं जात असेल आणि हातात दीर्घ मुदतीची ऑर्डर असेल, तर मीही तुमच्याइतकंच कर्ज घेईन. एकाच ग्राहकासाठी बनवलेल्या खास साच्यांवर घेणार नाही. तुमच्या आकड्यांत विक्री १५ टक्क्यांनी कमी करा, येणी महिनाभर लांबवा, उधारी महिन्याने कमी करा, आणि हप्ता भरून काय उरतं ते इथे लिहा. स्थिर खर्च कमी असेल तर उत्तर तुमच्या बाजूने येऊ शकतं, आणि तसं आलं तर मी ते लेखात जोडेन.