टेबलाखालच्या बाई

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या माझा एक फोटो फिरतोय. चेहरा कुठेच दिसत नाही, हा दिलासा म्हणावा तर तसंही नाही, कारण सगळ्यांनी ओळखलं. जेवणाच्या टेबलाखालून बाहेर आलेला माझ्या नारायणपेठचा अर्धा पसारा, एक टाच, आणि खाली मजकूर: 'मावशींचं काहीतरी हरवलंय वाटतं.' नणंदेने लगेच विचारलं, 'कानातलं का गं?' नागपूरच्या दिरांनी गुडघ्यांसाठी तेल सुचवलं. तेलाचा फोटोही पाठवला.

माझं काही हरवलं नव्हतं. मी बोलत होते. म्हणजे, बोलणं सुरू होण्याच्या बेतात होतं.

भाचीची वास्तुशांत होती. लालबागला चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये बाविसावा मजला, एक बेडरूम, त्यात होम, भटजी, केटररची माणसं आणि दोन्हीकडचे पाहुणे. तिची ओवी चार वर्षांची. सकाळीच कपड्यांच्या चिमट्यांची टोपली घेऊन टेबलाखाली गेली ती गेलीच. पोरीची निवड अचूक होती. त्या घरात तेवढीच जागा रिकामी होती.

आणि तिथे, टेबलाच्या बरोब्बर शेजारच्या खुर्चीवर, बापूकाका बसले होते.

बापूकाका म्हणजे भाचीचे चुलत सासरे. आयुष्यभर लोकलमध्ये तिकीट तपासलं, निवृत्त झाले, पण तपासणी थांबली नाही. त्यांनी कंबरेत वाकून टेबलाखाली तोंड घातलं आणि सुरुवात केली.

"नाव काय?"

गप्प.

"नाव नाही तुला? मग आम्ही काय हाक मारायची? ठकी?"

गप्प. टोपली थोडी मागे सरकली.

"कितवीत आहेस? बाईंचं नाव काय? पोएम येते का? बरं, सांग, आई जास्त आवडते की बाबा?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर भल्याभल्या पुढाऱ्यांनाही देता यायचं नाही. ओवी विनातिकीट सापडल्यासारखी भिंतीला चिकटली. बापूकाका सरळ झाले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लाजाळू आहे! आमच्या वेळी असं नव्हतं. मी चार वर्षांचा असताना गणपतीत स्टेजवर भाषण केलं होतं."

ते भाषण अजून संपलेलं नाही, हे त्यांच्या घरचे जाणतात.

मला खरा राग येतो तो इथे. दारातून आत आल्या आल्या आपण बापूकाकांना "नाक कुठे आहे दाखवा बघू" म्हणतो का? "त्या काकूंना पापी द्या" म्हणतो का? मग साडेतीन फुटांच्या माणसाकडूनच प्रवेश फी का वसूल करायची? लिफ्टमध्येही तेच. आठव्या मजल्यावर चढलेली बाई पोराचा गाल ओढते, आणि ते आईमागे लपलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतःच रुसते.

माझं आयुष्य बालवाडीत गेलं. त्यामुळे असं मूल दिसलं की मी त्याच्याकडे जातच नाही. आधी मी ओवीच्या आईशी बोलले, टेबलाजवळ उभी राहून, हसत, तिच्या हातातली ताटं घेत. अनोळखी माणूस बरं की वाईट हे लहान मूल त्या माणसाच्या तोंडावर वाचत नाही, आपल्या आईच्या तोंडावर वाचतं. टेबलाखालून दोन डोळे वाचत होते. मी तिकडे पाहिलं नाही.

मग खाली बसले. समोर नाही, बाजूला, तिच्याकडे खांदा करून, मधे दीड हात जागा सोडून. मुलाच्या उंचीला या, असं सगळेच सांगतात. पण अगदी तोंडासमोर उकिडवं बसून डोळ्यांत डोळे घातले, तर आपण उंच होतो तेव्हा बरे होतो असं मुलाला वाटतं. उंचीइतकीच दिशाही महत्त्वाची. दोघांनी मिळून तिसऱ्याच गोष्टीकडे बघायचं. इथे ती गोष्ट म्हणजे चिमटे.

ओवी टेबलक्लॉथच्या लोंबत्या कडेला चिमटे लावत होती. एका हाताने चिमटा उघडत नव्हता, म्हणून दोन्ही हातांचे अंगठे आणि जीभ असं सगळं लावून. लाल, लाल, लाल, निळा, निळा. मी टोपलीतला एक उचलला आणि माझ्या पदराला लावला. मग दुसरा. तिने एक लावला की मी एक. बोलले काहीच नाही. थोड्या वेळाने चिमट्यांना उद्देशून म्हणाले, "हा निळा फार घट्ट आहे बाई."

हे विधान होतं. प्रश्न नव्हता. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, विधानाला नाही, आणि उत्तर द्यावं लागत नाही तिथेच बुजरं मूल उत्तर देतं. फक्त त्यानंतर थांबायचं. हे थांबणं मोठ्यांना जमत नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांतली बोलणी टेप करून मोजली होती. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. तीनेक सेकंद थांबले, तर मुलं जास्त आणि लांब बोलतात. ती शाळेतली मुलं होती. टेबलाखालच्यांसाठी मी मनात दहा मोजते.

सहावर असतानाच वरून आवाज आला. "अहो बाई, चक्कर आली का? लिंबूसरबत आणू?"

"नको."

"मग खाली का बसलात? खुर्ची आहे की."

"खेळतेय."

"कुणाशी?"

या प्रश्नाचंही उत्तर द्यायला नको होतं, म्हणून मी आणखी आत सरकले. फोटो निघाला तो याच सुमारास.

दहा मोजून झाले, काही घडलं नाही. हरकत नव्हती. आवाज सगळ्यात शेवटी येतो. आधी अंग सैल होतं, मग नजर येते, मग हात येतो. म्हणून मी डाव टाकला: तिच्या लाल रांगेत मधेच एक निळा लावला. मुलाला दुरुस्त करता येईल अशी एक चूक मोठ्या माणसाने करायची असते. ओवीने माझ्या हाताकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच माझ्याकडे, निळा काढला आणि माझ्या हातात दिला. हे देणं म्हणजे निम्मं बोलणं. मी तो पुन्हा तिथेच लावला. तिने पुन्हा काढला, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. तिसऱ्यांदा मी तो उलटा धरून लावायला गेले, तेव्हा ती कुजबुजली.

"तिथे नाही. ती फास्ट आहे."

लाल रांग फास्ट लोकल होती. निळी स्लो. मला आधीच कळायला हवं होतं अशा सुरात सांगितलं तिने. मी म्हणाले, "अच्छा, फास्ट," आणि निळा स्लोमध्ये लावला. एवढंच. या क्षणी टाळ्या वाजवायच्या नसतात. बोलणं ही बातमी केली, की मूल बातमी व्हायला नकार देतं.

"बोलली! अरे, बोलली!" बापूकाकांनी खुर्चीतूनच दवंडी पिटली. "अगं, सगळ्या इकडे या! म्हण पुन्हा, काय म्हणालीस?"

आठ पावलं टेबलाभोवती जमली. चार माना खाली आल्या. ओवीने तोंड गुडघ्यांत घातलं, आणि फास्ट लोकल जागच्या जागी थांबली.

मी त्या माणसाला काय म्हणणार? तो वाईट नाही. नातवंडांवर जीव टाकतो. पण जीव टाकायला त्याला प्रेक्षक लागतात.

भाची मात्र घाबरली. खाली वाकून हळूच म्हणाली, "मावशी, शाळेतही बोलत नाही गं. काही असेल का?" शाळा सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते. घरी बडबडते, सांगितलेलं कळतं, हाकेला ओ देते, मग पहिला महिना कुणाचाच धरायचा नाही, हे मी तिला सांगितलं. त्यानंतरही घरी धो धो आणि शाळेत महिनाभर चकार शब्द नाही असं झालं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं, 'लाजाळू आहे' म्हणून सोडून द्यायचं नाही. एरवी काही मुलं सावकाशच मोकळी होतात. न्यूयॉर्कला थॉमस आणि चेस या नवरा-बायकोने 1956 पासून मुलांच्या स्वभावांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात सुमारे पंधरा टक्के मुलं अशी निघाली. अशांना फक्त वेळ लागतो. आणि आमच्याकडे त्यांना मिळतात बापूकाका.

इथे मला हटकून ताराबाई मोडक आठवतात. 1945 साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, आणि वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. त्यांचं एक बरं होतं, तिथे अंगण होतं. लालबागला चौरस फुटाचा भाव ऐकल्यावर टेबलाखालची जागासुद्धा परवडत नाही.

असो. गाडी थांबली, की मागच्या स्टेशनावर जायचं. मी पुन्हा गप्प बसले, पदराला चिमटे लावत. माना वर गेल्या, पावलं जेवणाकडे वळली. राहिली ती दोनच, बापूकाकांची, पांढऱ्या सुती पँटमधली. पँटची मोहरी टेबलाखाली छान लोंबत होती. मी तिला एक लाल चिमटा लावला.

ओवीने बघितलं. टोपलीतून एक लाल उचलला आणि दुसऱ्या मोहरीला लावला. मग आम्ही दोघींनी धडाका लावला. बापूकाका पाय हलवायला गेले, काहीतरी अडकलं, खाली वाकले, आणि तोंड उघडणार तेवढ्यात समोरून खणखणीत आवाज आला.

"आजोबा, हलू नका! दादर आलंय. लोक उतरतायत."

आणि बापूकाका हलले नाहीत. बोललेही नाहीत. चांगली पाचेक मिनिटं. त्यांच्या बायकोने लांबून बघितलं आणि त्यांना अॅटॅक आला की काय म्हणून पाणी आणलं. ओवी तोवर परळ, करी रोड करत मसजिदपर्यंत पोचली होती, फास्ट असूनही सगळीकडे थांबत, आणि प्रत्येक स्टेशनाला आजोबांना काय करायचं ते सांगत होती.

त्यानंतर दिवसभर बापूकाका भेटेल त्याला सांगत होते, "पोरगी माझ्याशी काय घडाघडा बोलली! मुलांशी बोलायची एक पद्धत असते." भटजींनासुद्धा सांगितलं. मला विचारलं, "तुम्ही पण बालवाडीतच होता ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग तुम्हाला कसं जमलं नाही?"

निघताना लिफ्टपाशी त्यांनी ओवीला फ्लाइंग किस मागितला. ती आईच्या पदरात शिरली. "लाजाळू," ते पुन्हा म्हणाले, आणि करी रोड स्टेशनाकडे चालू लागले. त्यांच्या डाव्या मोहरीला मागच्या बाजूने दोन चिमटे राहिले होते, दोन्ही फास्ट. मला दिसले होते. मी काही बोलले नाही.