डझनाचे नग करून काय मिळतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

दुकानातल्या मालाच्या यादीत प्रत्येक वस्तूची शिल्लक एकाच एककात मोजावी, असं आधीच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया.

प्रतिक्रिया: “लेख वाचला, पटला नाही. आमच्याकडे अंडी ट्रेने येतात, डझनाने जातात. तांदूळ पोत्याने येतो, गूळ ढेपेने, आणि गिऱ्हाईक पाव किलो मागतं. हे सगळं एका एककात कोंबलं तर वही खोट्या आकड्यांची होईल. त्यापेक्षा आमचं जुनं रजिस्टर बरं.”

उत्तर:

नमस्कार. तुम्ही गुळाच्या ढेपेचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण खरी अडचण तिथेच आहे. तिच्याकडे येतो, पण आधी अंडी घेऊ.

सगळ्या मालाला मिळून एकच एकक नसतं. प्रत्येक वस्तूचं स्वतःचं एक मूळ एकक ठरवायचं आणि शिल्लक फक्त त्यातच मोजायची. अंड्यांसाठी नग, तांदळासाठी किलो. काउंटरवर तुम्ही डझनच बोला, पावतीवरही डझन लिहा.

समजा यादीत अंड्यांच्या तीन ओळी आहेत: 4 ट्रे, दर 180 रुपये, 10 डझन, दर 72, आणि 18 नग, दर 6. ट्रेमध्ये 30 अंडी धरली, तर 120, 120 आणि 18 मिळून 258 नग होतात. मात्र नग बदलले की दरही बदलावा लागतो, आणि घोळ नेमका इथेच होतो. ट्रेचे 120 नग केले आणि दर 180 तसाच राहिला, तर 720 रुपयांचा माल 21,600 रुपयांचा दिसतो. म्हणून प्रत्येक ओळीची रक्कम बदलाआधी आणि बदलानंतर ताडून पाहायची. इथे दोन्ही वेळा एकूण 1,548 रुपये यायला हवेत. डझनाचा दर 80 असेल तर नगाचा दर 6.67 असा तोडू नका. 10 डझनामागे 40 पैशांचा फरक पडतो आणि मग ताळा जुळत नाही.

तांदळाचं पोतं 25 किलोचं असेल आणि साखरेचं 50 किलोचं, तर ‘पोतं म्हणजे इतके किलो’ असा एकच नियम लिहिता येत नाही. त्यामुळे रूपांतराचा तक्ता वस्तू आणि एकक यांच्या जोडीवर बांधावा लागतो. एक्सेलमध्ये `Factor` नावाच्या वेगळ्या शीटवर पहिल्या स्तंभात `तांदूळ|पोतं` अशी जोडी लिहा आणि दुसऱ्यात 25. मूळ एककाची `तांदूळ|किलो` ही जोडीही लिहा, तिच्यापुढे 1. मूळ यादीत A मध्ये वस्तू, B मध्ये संख्या आणि C मध्ये एकक असेल, तर शेजारच्या नव्या स्तंभात हे सूत्र घाला:

```
=B2*VLOOKUP(A2&"|"&C2,Factor!A:B,2,FALSE)
```

जी जोडी तक्त्यात नाही, तिथे `#N/A` दिसेल. ते `IFERROR` लावून झाकू नका, कारण साफ करायच्या राहिलेल्या ओळी त्यावरूनच सापडतात. ‘किलो’, ‘कि.’, ‘kg’, ‘Kgs’ ही एकाच एककाची चार रूपं अशीच उघडी पडतात. ‘दीड किलो’, ‘अर्धा डझन’ असं अक्षरी लिहिलेलं असेल तर आधी त्याची संख्या करून घ्या. जुने स्तंभ पुसू नका. शंका आली की पुन्हा त्यांच्याकडेच जावं लागतं.

आता ढेप. डझनाचे नग करताना 12 हा आकडा कधी बदलत नाही. ढेपेचे किलो करायला तसा आकडाच नाही. एकाच खेपेतल्या दोन ढेपांच्या वजनातही फरक असतो. तिथे सरासरी धरून गुणाकार केलात, तर तुम्ही म्हणता तशी खोटी वही नक्कीच तयार होईल. गुळाचं मूळ एकक किलो ठेवा, माल उतरवताना काट्यावरचं वजन लिहा आणि ढेपांची संख्या शेजारी नुसती नोंद म्हणून राहू द्या. यादीत आधीपासून असलेल्या ‘3 ढेपा’ तागडीत घातल्याशिवाय किलोत बदलू नका. तोवर ती ओळ अपुरी राहिली तरी चालेल.

याच्या उलट चूक बंद पाकिटांच्या बाबतीत होते. ‘चहा 250 ग्रॅम – 12’ या ओळीचे 3 किलो करू नका. तुम्ही पाकीट फोडून चहा विकत नाही, म्हणून इथे ‘250 ग्रॅम’ हा वस्तूच्या नावाचा भाग आहे. शिल्लक 12 नग. त्याच चहाचं 500 ग्रॅमचं पाकीट ही वेगळी वस्तू, तिची वेगळी ओळ.

तुमच्या रजिस्टरबद्दल एवढंच सुचवेन: ते टाकून देऊ नका, पण त्यात शिल्लक उणे गेलेल्या ओळी शोधा. 50 किलो साखर आली आणि ‘पाव किलो’ची विक्री कुणी 250 अशी लिहिली, तर शिल्लक उणे 200 येते. अशा बहुतेक ओळींत खरेदी एका एककात आणि विक्री दुसऱ्यात लिहिलेली सापडेल. साफसफाई तिथूनच सुरू करा. अंडी आणि साखर आधी घ्या, गूळ पुढची खेप उतरेल तेव्हा.