लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुंभार पणत्या करत नसतो

ओळखीतल्या एका पोराने लघुपटाची पटकथा वाचायला दिली. दिंडोरीकडचं खेडं, दिवाळीची संध्याकाळ, कुंभार चाकावर भराभरा पणत्या काढतोय. नाशिकच्या गंगापूर रोडवरची एक बाई गाडीतून उतरते, घासाघीस करते, कुंभाराचे डोळे भरून येतात. समाप्त.

डोळे भरून यायला माझी हरकत नाही, पण त्या संध्याकाळी चाकावरून उतरलेली पणती त्या रात्री पेटूच शकत नाही. चाकावर मातीचा एक मोठा गोळा असतो. त्याच्या टोकाला अंगठा दाबून वाटी उघडायची, चिमटीने चोच काढायची, खालून दोऱ्याने कापायची, की गोळ्यावर लगेच पुढची. हे काम मिनिटाच्या आत होतं. वेळ लागतो तो पुढे. आधी सावलीत सुकवायचं, कारण कडक उन्हात कड लवकर आवळते, बूड ओलं राहतं आणि चीर जाते. मग ऊन दाखवायचं. यात दोन-तीन दिवस सहज जातात, परतीचा पाऊस रेंगाळला तर आणखी. मग गोवऱ्या, लाकूडफाटा रचून आवा लावायचा, तो रात्रभर भाजतो आणि निवायला दुसरा दिवस खातो. ओल राहिलेली पणती आव्यात गेली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते.

म्हणजे लक्ष्मीपूजनाचा माल वसुबारसेच्या आधीच चाकावरून उतरलेला हवा. मी त्याला म्हटलं, चाक फिरतं दाखवायचंच असेल तर दाखव, पण ते त्रिपुरी पौर्णिमेसाठी फिरू दे. पंधरा दिवसांनी गोदाकाठी पुन्हा दिवे लागतात, तेव्हाचा माल आत्तापासूनच करावा लागतो. आणि इथेच तुझा प्रसंग सुरू होतो. बाईला त्या ओल्या, तुकतुकीत पणत्याच आवडतात.

“या ताज्या दिसतायत, यातल्याच द्या.”

“त्या नका उचलू ताई, ओल्या हायेत.”

तोवर तिने उचललेली असते. बोट कडेत रुततं आणि पणती दुमडते. कुंभार चाक न थांबवता हात पुढे करतो, ती दुमडलेली पणती घेतो आणि परत गोळ्यावर थापतो. रागाचा एक शब्द नाही. कच्ची माती आहे, तिची पुन्हा पणती होते. भाजलेली फुटली असती तर नसती झाली.

भाव मात्र कुंभाराने करू नये, त्याच्या बायकोने करावा. त्याचे हात मनगटापर्यंत चिखलात आहेत, नोटा कशा घेणार? भाजलेला माल तिच्यासमोर आहे. ती पणती चिमटीत धरून नखाने टिचकी मारते. खणखण वाजली तर पक्की, बदबद वाजली तर चीर आहे, मग डोळ्यांना दिसो न दिसो. ती बाजूला टाकते. बाईला वाटतं, ही नाटक करतेय.

आता हिशोब. दोनशे पणत्या, तीन रुपयांप्रमाणे सहाशे. बाई दोन रुपयांवर अडून. बाईला ठाऊक आहे की रात्र उलटली की या पणत्यांचं गिऱ्हाईक एकदम आटतं. कुंभारणीला ठाऊक आहे की आता नवीन पणती कुणीच करून देऊ शकत नाही आणि बाईला सोसायटीच्या जिन्यावर सात वाजता दिवे लावायचेत. दोघींची नड सारखी आहे आणि दोघी ती लपवतायत. या ओढाताणीत डोळे भरून आणायची गरजच उरत नाही. आमच्याकडच्या कुंभारणी असल्या गिऱ्हाइकाला पुरून उरतात हो.

ती तीनवरून हलत नाही. पण म्हणते, “शेकड्याला धा वर घालते.” आणि काळे डाग पडलेल्या वीस पणत्या मोजते. आव्यात त्यांच्यापर्यंत हवा पोचली नाही, धूर कोंडला, म्हणून डाग. पण टिचकीला खणखणीत. बाईच्या हिशोबात पणती पावणेतीनच्याही खाली पडली, ती खूश. कुंभारणीच्या हिशोबात पूर्ण सहाशे आले, आणि ज्या पणत्यांना लोक नाकं मुरडतात त्या खपल्या. शिवाय गावात तीनचा भाव मोडला नाही, परवा भाऊबीजेला कुणी दोन म्हणणार नाही.

जाता जाता कुंभाराच्या तोंडी एकच वाक्य दे: “लावायच्या आधी पाण्यात भिजवा ताई, नायतर समदं तेल हीच पिऊन टाकंल.” कोरी पणती खरंच तेल पिते, पोटात पाणी असलं की कमी पिते. बाई घाईत काच वर करते. ऐकलं की नाही, ते जिन्यावर कळेल.

पोरा, शूटिंग दिवाळीच्या तोंडावर ठेवू नकोस, कुणी उभं करणार नाही. त्रिपुरी उलटल्यावर जा, आणि टिचकीचा आवाज तिथेच टेप कर, स्टुडिओत चिनी मातीची बशी वाजवू नकोस.