तान्ह्या बाळाचा ताप: 'सकाळपर्यंत बघू' चालत नाही

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं. रात्र असेल तर रात्रीच. यावर 'एवढं काय घाबरायचं, मुलं तापतातच' असं ऐकवणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. दोन वर्षांच्या मुलाबद्दल ते बऱ्याचदा खरंही असतं, तान्ह्या बाळाबद्दल नाही.

मोठं मूल तापलं तरी खेळतं, पाणी मागतं, कुठे दुखतंय ते दाखवतं, त्यावरून डॉक्टरला अंदाज येतो. पाच आठवड्यांचं बाळ मुळात दूध, झोप, रडणं एवढंच करतं. त्याच्या मेंदूच्या आवरणाला सूज आली तरी मान ताठ होईलच असं नाही, टाळू फुगेलच असंही नाही. थोडं जास्त झोपतं, थोडं कमी पितं, बस. त्यातून त्याची प्रतिकारशक्ती अजून कच्ची. लघवीत शिरलेले जंतू मोठ्या मुलाच्या मानाने सहज रक्तात उतरतात आणि तिथून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात, तेही काही तासांत. अशा तापलेल्या बाळांपैकी बहुतेकांना साधा विषाणूचाच ताप असतो, पण साधारण दहात एकाला जंतूंचा गंभीर संसर्ग निघतो. तो एक कोणता, हे नुसतं बाळाकडे बघून अनुभवी बालरोगतज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही, तपासण्याच कराव्या लागतात.

समजा, पाच आठवड्यांची मुलगी आहे. सर्दी नाही, खोकला नाही. रात्री नऊला अंग गरम लागतंय. हातावर विश्वास ठेवू नका, साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. काख कोरडी पुसा, टोक काखेत मधोमध ठेवा, दंड छातीशी धरा आणि बीप होईपर्यंत हलू देऊ नका. आकडा आला १००.६. आता आजी म्हणणार, दुपट्यात गुंडाळलंय म्हणून गरम झालंय. असू शकतं. टोपडं, दुपटं, जास्तीचा कपडा काढा, पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा मोजा. परत १००.४ किंवा वर (३८ सेल्सिअस) आला, तर निघायचं. आपल्याकडे दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आरोग्य कर्मचारी काखेतल्या ९९.५ पासूनच ताप धरतात, कारण काखेत आकडा थोडा कमी येतो. त्यामुळे ९९.५ ते १००.४ च्या मधे असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. कपाळावर रोखायच्या बंदुकीने मोजून 'नॉर्मल' आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

निघण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. त्याने ताप उतरतो, संसर्ग तिथेच राहतो आणि घरचे निवांत होतात. दुसरं म्हणजे, घरातल्या मोठ्या भावंडाचं औषध वापरायचा मोह होतो. थेंबाच्या बाटलीत एका मिलिलिटरला बहुधा १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये २५. सिरपच्या मापाने थेंब दिले तर चौपट डोस जातो. घरात उरलेलं अँटिबायोटिक तर त्याहून वाईट, कारण नंतर कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू उगवतच नाही. गुटी, मध, गार पाण्याच्या पट्ट्या, काहीच नको. अंगावर पाजणं मात्र चालू ठेवा.

दवाखान्यात लघवी, रक्त आणि दोन्हींचं कल्चर होईल. लघवी बारीक नळी घालून घेतात तेव्हा आई-वडिलांचा जीव कासावीस होतो, पण चिकटपिशवीतल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात आणि कल्चरचा भरवसा राहत नाही. आपल्या या मुलीच्या लघवीत ई. कोलाय नावाचा जंतू निघाला, तर 'सर्दी-खोकला नसताना ताप' याचं उत्तर मिळालं. या वयात मूत्रमार्गाचा संसर्गच सगळ्यात जास्त सापडतो. बाळ २८ दिवसांच्या आतलं असेल तर भरती, पाठीतलं पाणी तपासणं आणि शिरेतून अँटिबायोटिक हे बहुधा ठरलेलंच. ते ऐकून 'डॉक्टर उगाच बिल वाढवतायत' म्हणत बाळाला उचलून घरी आणू नका.

वाटेत ताप उतरला तरी परत फिरायचं नाही. घरचा आकडा आणि वेळ कागदावर लिहून न्या, डॉक्टर तोही ताप म्हणून धरतात. दीड महिन्याच्या लसीनंतर ताप येतो हे खरं, पण सगळं लसीवर ढकलण्याआधी त्या दिवशी डॉक्टरांना फोन तरी करा.

बाळ दूध ओढत नसेल, हलवल्याशिवाय हालचाल करत नसेल, झटके येत असतील, शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, किंवा उलट अंग गार पडून आकडा ९५.९ च्या खाली गेला असेल, तर ताप असो नसो, थेट १०८. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात नेणं-आणणं आणि उपचार मोफत आहेत. आशाताईंचा नंबर फोनमध्ये नसेल तर आजच घालून ठेवा.